चॅटमध्ये लिहिलेला आक्षेप : एका कनिष्ठ सहकारी मुलीच्या व्हिडिओ कॉलचे प्रकरण

या प्रकरणातील कॉल एकतीस मिनिटांचा होता. त्यातील सुमारे सात मिनिटे मी नंतर ध्वनिचित्रमुद्रण पुढे-मागे करत अनेकदा पाहिली. मी त्या वेळी पुण्यातील एका सॉफ्टवेअर कंपनीत पाच जणांच्या तुकडीचा प्रमुख होतो. जर्मनीतील एका ग्राहकाची जुनी बिले नव्या प्रणालीत हलवण्याचे काम आमच्याकडे होते आणि दर गुरुवारी दुपारी अडीच वाजता, म्हणजे तिकडच्या उन्हाळी वेळेप्रमाणे सकाळी अकरा वाजता, मायक्रोसॉफ्ट टीम्सवर आढावा होत असे. ग्राहकाचे नऊ जण आणि आम्ही पाच असे चौदा जण त्यात असत. आमच्यातील सर्वांत कनिष्ठ सहकारी मुलगी रुजू होऊन पाच महिने झाले होते. ती सिंहगड रस्त्यावरच्या घरातून, स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीतून काम करीत असे.

शिष्टाचाराच्या नेहमीच्या मापाने पाहिले तर त्या दिवशी चौदा जणांत तिचेच वागणे सर्वांत चोख होते. ती दोन मिनिटे आधी जोडली गेली, तिचा कॅमेरा सुरू होता, मायक्रोफोन पूर्ण वेळ बंद होता आणि कोणी बोलत असताना ती एकदाही मध्ये बोलली नाही. रुजू होताना तिला दिलेल्या सूचनांत हेच लिहिले होते : बोलत नसाल तेव्हा म्यूट राहा, दुसऱ्याचे बोलणे तोडू नका, शंका असल्यास चॅटचा वापर करा. तिने तिन्ही सूचना अक्षरशः पाळल्या आणि नेमक्या त्यामुळेच, तिला एकटीला ठाऊक असलेली चूक कॉल संपेपर्यंत कोणाच्याही कानावर गेली नाही.

ती चूक काय होती हे थोडक्यात सांगावे लागेल, कारण पुढचे सारे तिच्यावर अवलंबून आहे. बिलांच्या चार फाइल होत्या. तिसरी फाइल ग्राहकाच्या ज्या शाखेतून आली होती तिथे रकमा जर्मन पद्धतीने लिहिल्या जात. त्या पद्धतीत हजारांनंतर टिंब आणि दशांशासाठी स्वल्पविराम येतो, म्हणजे आपण १,२३४.५६ असे लिहितो ते तिथे १.२३४,५६ असे होते. आमच्या रूपांतराच्या नियमात अशी तरतूद होती की रकमेत स्वल्पविराम दिसला तर टिंब काढायचे आणि स्वल्पविरामाच्या जागी टिंब घालायचे. मात्र ज्या रकमा पूर्ण युरोंत होत्या त्यांच्यात स्वल्पविरामच नव्हता. त्यामुळे १.२५० ही साडेबाराशे युरोंची रक्कम नियमाने तशीच सोडून दिली आणि नव्या प्रणालीने ती सव्वा युरो म्हणून वाचली. ४,१८० ओळींपैकी अशा ओळी ३७ होत्या. आदल्या संध्याकाळी माझ्याकडे आलेल्या अहवालात फक्त ओळींची संख्या जुळवलेली होती आणि ती जुळत होती. रकमांच्या बेरजा या मुलीने गुरुवारी दुपारी स्वतःहून ताडून पाहिल्या, तेव्हा तिसऱ्या फाइलची बेरीज कमी भरली. ही गोष्ट तिच्या लक्षात आली तेव्हा पावणेदोन वाजत आले होते आणि कॉलला पाऊण तास उरला होता.

त्या पाऊण तासात तिने मला कळवले नाही. आधी खात्री करून घ्यावी आणि मगच सरांना सांगावे, असा तिचा विचार होता. चांगल्या कामगाराची ही सवय असते आणि एरवी मी तिचे कौतुकच केले असते.

मुद्रणाच्या आधाराने पुढचा क्रम असा मांडता येतो. अठराव्या मिनिटाला ग्राहकाकडील स्थलांतरप्रमुखांनी आपला पडदा सर्वांना दाखवला आणि अकरा ओळींची तपासयादी एकेक करून वाचायला सुरुवात केली. शुक्रवारी संध्याकाळी माहिती चढवायची की नाही हे या यादीवर ठरणार होते. सातवी ओळ बिलांच्या फाइलींची होती. ती २१ मिनिटे १० सेकंदांनी आली. त्यांनी विचारले, मी आदल्या संध्याकाळच्या अहवालावर विसंबून होकार दिला आणि १५ सेकंदांत ती ओळ हिरवी झाली. साधारण त्याच क्षणी आमच्या सहकारी मुलीने चॅटमध्ये लिहायला घेतले असावे. तिचा संदेश उमटला तो २२ मिनिटे ४० सेकंदांनी, म्हणजे ओळ हिरवी झाल्यानंतर सव्वा मिनिटाने. तोपर्यंत यादी नवव्या ओळीवर पोहोचली होती. संदेश इंग्रजीत होता. त्याचा आशय असा : ‘तिसऱ्या फाइलमध्ये रकमांबाबत थोडी अडचण असू शकते, अजून तपासत आहे.’

तो संदेश त्या वेळी कोणीही वाचला नाही. स्थलांतरप्रमुखांनी आपला संपूर्ण पडदा दाखवायला घेतला होता. अशा वेळी टीम्सची मुख्य खिडकी आकसून कोपऱ्यात जाते आणि चॅटचे पान समोर राहत नाही. ग्राहकाच्या इतर आठ जणांचे डोळे यादीवर होते. माझ्यापुरते सांगायचे तर मी दुसऱ्या पडद्यावर तोच अहवाल उघडून बसलो होतो, कारण पुढच्या प्रश्नाला उत्तर मलाच द्यायचे होते. चॅटच्या चिन्हावर एक लाल ठिपका उमटला होता. कोणी दुवा टाकला असेल, असे समजून मी तो नंतर पाहायचा ठेवला.

यादी २७ व्या मिनिटाला संपली आणि स्थलांतरप्रमुखांनी विचारले की आणखी कोणाचे काही आहे का. मुद्रणात इथे जवळपास तीन सेकंदांची शांतता आहे. मग आमच्या मुलीच्या चौकटीत तिचे ओठ हलताना दिसतात, नावाजवळचे म्यूटचे चिन्हही गेलेले दिसते, पण आवाज येत नाही. तिने टीम्समधला मायक्रोफोन सुरू केला होता, परंतु तारेच्या हेडफोनवर जे लहानसे बटण असते त्यावरूनही तो बंद केलेला होता. साध्या ३.५ मिलिमीटरच्या पिनेच्या हेडफोनवरचे हे बटण काय करते ते टीम्सला कळत नाही, त्यामुळे पडद्यावर सारे ठीक दिसते आणि आवाज मात्र जात नाही. ही दुहेरी म्यूटची अवस्था तिने कुकरच्या शिट्टीच्या धास्तीने स्वतःच तयार केली होती. ती सहा सेकंद बोलली, मग थांबली, तिच्या लक्षात आले, तिने बटण सरकवले आणि पुन्हा ‘सॉरी, वन थिंग’ म्हणाली. त्याच क्षणी ग्राहकाच्या वित्त विभागातील बाईंनी पुढच्या आठवड्याच्या सुट्टीबद्दल बोलायला सुरुवात केली. दोघी एकदम थांबल्या. दोघींनी एकमेकींना ‘तुम्ही बोला’ म्हटले, तेही एकाच वेळी. दुसऱ्यांदा हेच घडल्यावर आमची मुलगी म्हणाली की काही विशेष नाही, नंतर सांगते, आणि म्यूट झाली.

ती नंतर सांगणार होती ते मला. परंतु कॉल संपताच मी दुसऱ्या कॉलवर गेलो. संध्याकाळी सहा वाजता तिचा मला स्वतंत्र संदेश आला की बेरीज जुळत नाही असे वाटते, आणि तो मी शुक्रवारी सकाळी वाचून ‘बघूया’ असे उत्तर दिले. हा भाग माझ्या खाती जमा आहे. तो वगळून हे प्रकरण लिहिले असते तर ते खोटे ठरले असते.

शुक्रवारी संध्याकाळी माहिती चढवली गेली. शनिवारी सकाळी ग्राहकाच्या वित्त विभागाला सव्वा युरोचे बिल दिसले, चढवलेले सारे मागे घ्यावे लागले आणि आमच्यापैकी चौघे रविवारी दुपारपर्यंत तेच काम पुन्हा करीत होते. एवढ्यावर भागले असते. पण टीम्सच्या सभेतील चॅट सभा संपल्यावर पुसला जात नाही. ज्यांना त्या सभेचे आमंत्रण होते त्यांना तो पुढेही वाचता येत होता आणि त्यांत ग्राहकाचे नऊ जण होते. सोमवारी स्थलांतरप्रमुखांनी तो संदेश त्याच्या वेळेसह दाखवला आणि अगदी शांतपणे विचारले की दुपारी दोन वाजून बावन्न मिनिटांनी तुमच्या तुकडीला हे ठाऊक होते, मग सातवी ओळ हिरवी कशी झाली? ज्या संदेशाकडे वेळेवर चौदांपैकी एकानेही पाहिले नव्हते, तोच आता सर्वांनी नीट वाचला होता.

मी मुलीशी बोललो ते त्याच दिवशी संध्याकाळी आणि कॅमेऱ्यावर न बोलता तिला कार्यालयात बोलावून. तिची बाजू ऐकल्यावर माझ्या लक्षात आले की तिच्या न बोलण्यात भित्रेपणा फारसा नव्हता. ती म्हणाली, “सर, तुम्ही होकार दिल्यावर मी तिकडच्या लोकांसमोर नाही म्हटले असते तर तुमचे बोलणे खोटे पडले असते. आणि मला पक्के माहीत नव्हते. मध्येच बोलले असते तर आगाऊपणा वाटला असता.” आगाऊपणा हा शब्द आपल्या घरांत मुलांना आणि विशेषतः मुलींना इतक्या लवकर ऐकवला जातो की पुढे बावीस-तेविसाव्या वर्षी मोठ्यांच्या बोलण्यात तोंड घालताना जीभ आपोआप मागे वळते. समोरासमोरच्या बैठकीत तिने निदान माझ्याकडे पाहिले असते, मी तिच्या चेहऱ्यावरून ओळखले असते आणि ‘बोल’ म्हटले असते. कॉलवर नजरेला नजर भिडत नाही, आणि वरिष्ठाच्या इशाऱ्याने बोलण्याची आपली पद्धत तिथे चालत नाही.

या मुलाखतीनंतर आम्ही दोघांनी ती सात मिनिटे एकत्र पाहिली. आमच्या समजुतीप्रमाणे त्यात तीन वेगवेगळे दोष होते आणि त्यांना एकच ‘बोलायला हवे होते’ असे नाव देणे चुकीचे ठरले असते.

पहिला दोष चॅटचा. चॅट वाईट असतो असे नाही, पण तो कोणत्या कामाचा आहे हे तिला कोणी सांगितले नव्हते. जी गोष्ट ऐकणाऱ्याने नंतर वाचली तरी चालते ती चॅटमध्ये जावी. दुवा, फाइलीचे नाव, एखाद्या आकड्याचे अचूक रूप, कोणाच्या नावाचे स्पेलिंग अशा गोष्टी तोंडी सांगितल्या तर उलट हरवतात. परंतु ज्या गोष्टीने चालू असलेला निर्णय बदलायला हवा ती चॅटमध्ये टाकणे म्हणजे ती टपालाने पाठवणे होय. निर्णय आवाजाने होत असतो, म्हणून आक्षेपही आवाजानेच यावा लागतो. ज्याला चॅटमध्ये आकडा टाकायचा आहे त्यानेही ‘मी आकडा चॅटमध्ये टाकला आहे’ एवढे तोंडाने म्हणावे, म्हणजे पडदा दाखवणाऱ्याला थांबून तिकडे पाहण्याचे कारण मिळते. तिच्या संदेशाच्या शब्दांतही एक अडचण होती. ‘थोडी अडचण असू शकते’ हे वाक्य वाचणाऱ्याला काय करायचे ते सांगत नाही. त्या क्षणी मी ते वाचले असते तरी ओळ लाल केली असती की नाही, याची मला आजही खात्री नाही. ‘तिसऱ्या फाइलची बेरीज जुळत नाही, ओळ सात थांबवा’ असे असते तर थांबणे भाग पडले असते. खात्री नसण्याचा प्रश्नही यातच सुटतो, कारण बेरीज जुळत नाही ही गोष्ट पक्की होती. पक्के नव्हते ते तिचे कारण, आणि कारण त्या मिनिटाला कोणी विचारत नव्हते.

शिवाय चॅटची दुसरी दिशा तिने वापरलीच नाही. ग्राहक असलेल्या सभेच्या सामाईक चॅटमध्ये लिहिण्याऐवजी मला एकट्याला वैयक्तिक संदेश पाठवता आला असता : ‘सर, ओळ ७ ला हो म्हणू नका, फाइल ३ ची बेरीज कमी आहे.’ आपल्याच प्रमुखाचे चारचौघांत खोटे पडण्याचे भय तिला होते आणि त्यावर हाच उपाय होता. मात्र त्याला एक मर्यादा आहे. बोलणाऱ्या माणसाला वैयक्तिक संदेशही दिसतोच असे नाही. म्हणून आम्ही ठरवले की असा संदेश पाठवून एक मिनिटात काही हालचाल दिसली नाही तर तोंड उघडायचे, मग समोर मी असो की ग्राहक.

दुसरा दोष म्यूटचा. म्यूट राहणे ही सभ्यता आहे, पण म्यूटमधून बाहेर येणे हे कौशल्याचे काम आहे आणि त्याचा सराव कोणी करत नाही. आम्ही तिचा हेडफोन बदलला नाही. त्यावरचे बटण कायम सुरू ठेवायचे आणि बंद-चालू फक्त टीम्समधून करायचे, एवढेच ठरवले, म्हणजे आवाज अडण्याची जागा एकच राहते. विंडोजवर Ctrl+Shift+M ने मायक्रोफोन बंद-चालू होतो, आणि Ctrl+Space दाबून धरले की जेवढा वेळ बोट खाली असेल तेवढाच वेळ आवाज जातो. घरात कुकर, डोअरबेल आणि शेजारचे बांधकाम असणाऱ्यांना ही दुसरी पद्धत फार सोयीची पडते, कारण एक वाक्य बोलून बोट उचलले की म्यूट करायचे विसरण्याचा प्रश्नच उरत नाही. मात्र तेव्हा टीम्सची खिडकी समोर आणि निवडलेली असावी लागते. आपण दुसऱ्याच फाइलीत असताना ती कळ दाबली तर ती त्या फाइलीत काहीतरी भलतेच करते. हे तिने पहिल्याच सरावात करून दाखवले, आणि तिच्या एक्सेलमधील एक अख्खा स्तंभ निवडला गेला.

याहून महत्त्वाची गोष्ट वेळेची होती. ती प्रश्न संपल्यावर म्यूट काढायला गेली. त्या धडपडीत शांततेचे तीन सेकंद निघून गेले आणि पुढचे सहा दुहेरी म्यूटने खाल्ले. आपल्याला बोलायचे आहे हे ठरले की आधीचा माणूस शेवटच्या वाक्यावर आलेला असतानाच म्यूट काढून ठेवावा. त्या दोन-चार सेकंदांत शिट्टी झाली तर झाली. शिट्टीबद्दल ग्राहकाने आजवर एकदाही तक्रार केलेली नाही.

तिसरा दोष टकरीचा, आणि यात तिचा अपराध सर्वांत कमी होता. दोन माणसांच्या बोलण्यात एकाचे संपणे आणि दुसऱ्याचे सुरू होणे यांत सरासरी सुमारे २०० मिलिसेकंदांचे, म्हणजे सेकंदाच्या पाचव्या भागाचे अंतर असते. दहा भाषांच्या २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत हे दिसले होते. कॉलवर आवाज एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पोहोचायलाच काही वेळ लागतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.११४ या शिफारशीप्रमाणे एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांपर्यंत असेल तर बहुतेक संवाद सुरळीत चालतो आणि ४०० च्या पुढे तो जाऊ नये. आपला विलंब दीडशेच्या आत असला तरी हिशेब असा होतो : समोरच्याची शांतता माझ्यापर्यंत उशिरा येते, मी लगेच बोललो तरी माझा आवाज त्याच्याकडे आणखी उशिरा जातो, आणि या दुहेरी उशिरात सेकंदाचा पाचवा भाग केव्हाच उलटून गेलेला असतो. तिकडच्या माणसाला वाटते की कोणी बोलत नाही, म्हणून तो सुरू करतो. म्हणजे एकाच खोलीत बसून शिकलेला बोलण्याचा ताल इथे दोघांनाही फसवतो, आणि अशा टकरीला उद्धटपणा समजून माघार घेणारा नेहमी कनिष्ठच असतो.

त्यावर आम्ही दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे हात वर करण्याचे चिन्ह. चौदा जणांच्या कॉलवर ते शोभते, आणि टीम्समध्ये Ctrl+Shift+K ने ते लगेच वर जाते. चौघांच्या कॉलवर मात्र ते शाळेसारखे दिसते, म्हणून तिथे नको. शिवाय पडदा दाखवणाऱ्याला चॅटप्रमाणे तेही दिसेलच असे नाही, तेव्हा केवळ हात वर करून वाट पाहत बसणे ही पुन्हा तीच चूक ठरते. दुसरी गोष्ट अधिक उपयोगी ठरली. पहिला शब्द म्हणून समोरच्याचे नाव घ्यायचे, मग एक सेकंद थांबायचे आणि नंतर वाक्य बोलायचे. नाव ऐकले की माणूस थांबतो, आणि टक्कर झालीच तर ती नावावर होते, मुद्दा शाबूत राहतो. टकरीनंतर समोरच्याने ‘तुम्ही बोला’ म्हटले तर आभार मानून बोलायचे, परत ‘नाही, तुम्ही’ म्हणायचे नाही. सौजन्याची ही परतफेड लग्नाच्या पंगतीत शोभते. कॉलवर तिच्यापायी दोघांचेही बोलणे राहून जाते.

केव्हा बोलायचे याबद्दलही आमच्यात चर्चा झाली, आणि इथे माझे मत तिच्यापेक्षा वेगळे होते. तिला वाटत होते की शेवटी ‘आणखी काही’ असे विचारतात तीच कनिष्ठांची जागा. मला वाटते की ती जागा जवळपास निरुपयोगी असते, कारण तोवर सर्वांनी मनाने कॉल सोडलेला असतो आणि त्या वेळी काढलेला मुद्दा मागे जाऊन हिरवी ओळ लाल करण्याचा असेल तर तो अधिकच अवघड होतो. खरी जागा २१ व्या मिनिटाला होती : माझा होकार आणि ओळीचा रंग बदलणे यांच्या मधले १५ सेकंद. तिथे बोलल्याने माझे बोलणे खोटे पडले असते हे खरे. पण पंधरा सेकंद खोटे पडणे आणि सोमवारी वेळेसह खोटे पडणे यांत कोणते परवडते हे मला विचारायला तिला मी कधी वाव दिला नव्हता. तेव्हापासून प्रत्येक गुरुवारी सव्वादोन वाजता आम्ही पाचही जण दहा मिनिटे बोलतो आणि मी प्रत्येकाला विचारतो की आज मी कोणत्या ओळीला हो म्हणू नये. ‘काही सांगायचे आहे का’ असे विचारले की कोणी काही सांगत नाही. हा प्रश्न वेगळा पडतो.

पुढच्या गुरुवारी तिसरी फाइल पुन्हा यादीत होती. या वेळी नियम दुरुस्त झाला होता, पण नव्याने आलेल्या १२० ओळी अजून तपासायच्या होत्या. स्थलांतरप्रमुख सहाव्या ओळीवर असतानाच तिने हात वर केला, म्यूट काढला आणि सातवी ओळ वाचून होताच त्यांचे नाव घेतले. ते थांबले. इथपर्यंत सारे ठरल्याप्रमाणे झाले. नंतर मात्र तिने टिंब, स्वल्पविराम, नियमाचा इतिहास आणि आपण काय काय करून पाहिले हे सांगायला घेतले. एक मिनिट चाळीस सेकंद झाल्यावर त्यांनी मध्येच विचारले, “म्हणजे हिरवी की नाही?” ती गडबडली आणि माझ्याकडे, म्हणजे माझ्या चौकटीकडे, पाहू लागली. मी गप्प राहिलो. ते गप्प राहणे मला जड गेले, पण मी बोललो असतो तर पुढच्या वेळी त्यांनी प्रश्न मलाच विचारला असता. चार सेकंदांनी ती म्हणाली, “नाही. उद्या सकाळी तुमच्या दहा वाजता सांगते.” ओळ पिवळी झाली.

त्या दिवशी एका कागदावर तिने आपल्यासाठी क्रम लिहून घेतला, आणि तो माझ्या क्रमापेक्षा चांगला आहे : आधी निकाल, मग एक आकडा, मग कोणी काय करायचे, आणि कारण विचारले तरच कारण. तिच्या मूळ चॅट-संदेशाला हा क्रम लावला तर तो असा होतो : ‘ओळ सात थांबवा. तिसऱ्या फाइलची बेरीज मूळ बेरजेपेक्षा कमी आहे. संध्याकाळपर्यंत कारण कळवते.’ बोलायला दहा सेकंदही लागत नाहीत. शुक्रवारी ठरल्या वेळी तिने तपासाचा निकाल त्याच सभेच्या चॅटमध्ये टाकला, आणि या वेळी ती जागा बरोबर होती, कारण तो निकाल कोणी केव्हाही वाचला तरी चालणार होता आणि वेळेची नोंद आमच्या बाजूने राहणार होती.

सर्व प्रश्न सुटले असे नाही. ग्राहकाचे लोक आपसांत भराभर जर्मन बोलू लागतात तेव्हा कोणत्या क्षणी शिरायचे हे तिला अजून कळत नाही, आणि मलाही नाही. आमच्याच कंपनीतील वरिष्ठांच्या कॉलवर ती अजून फारसे बोलत नाही. तिथे तर मीही चॅटमध्येच लिहितो, हे तिने मला हसत दाखवून दिले.

दीड महिन्यानंतरच्या एका गुरुवारी स्थलांतरप्रमुखांचा बाण सातव्या ओळीवर येऊन थांबला. त्यांनी मला न विचारता तिचे नाव घेतले. तिचा म्यूट आधीच निघालेला होता. मागे कुकरची शिट्टी झाली, ती संपेपर्यंत ती थांबली आणि म्हणाली, “हिरवी. चारही बेरजा जुळतात.” मग तिने म्यूट केले आणि ते आठव्या ओळीकडे वळले.